बेचाळिसावं पत्र

शाळेचं नाव मी लिहीत नाही. परळच्या नाक्यावरून लालबागकडे येताना उड्डाणपुलाच्या सावलीत डाव्या हाताला ती लागते, एवढं पुरे. दुपारी वारा फिरला की मसाला गल्लीतल्या कांडपाचा वास थेट दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गात शिरतो. जानेवारीतले तीन आठवडे मी त्या वर्गात काम केलं. मिरची भाजल्याचा वास आला की आजही माझा उजवा हात आपोआप मागे येतो.

माझं काम जुने कागद वाचवण्याचं. वाचवायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. धूळ काढायची, आम्ल मारायचं, फाटलं असेल तिथे पातळ कागदाचा सांधा द्यायचा आणि आपला हात दिसू द्यायचा नाही. गिरगावातल्या आमच्या घरात चार पिढ्या कारकुनी झाली. कागदाशी माझं नातं रक्तातलं आहे, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगतात.

शाळेची जुनी इमारत पाडायला घेतली, तेव्हा कोनशिलेच्या मागच्या पोकळीत तांब्याचा एक डबा निघाला. कोनशिलेवर १९२६ साल होतं. शाळेच्या जुन्या इतिवृत्तात त्याची नोंदही सापडली: 'मराठी पांचवीच्या एकेचाळीस विद्यार्थ्यांनीं शंभर वर्षांनंतरच्या मुलांस पत्रें लिहिलीं, तीं डब्यांत बंद करून पायांत ठेविलीं.' खाली एकेचाळीस नावं. संस्थेचे विश्वस्त हर्षवर्धन सर यांनी फोन केला. "शनिवारी, चोवीस तारखेला सोहळा आहे. पत्रं वाचायची, आणि आपल्या मुलांची पत्रं नव्या डब्यात घालून नव्या पायात ठेवायची. तुम्ही दोन्ही बघाल ना?"

मी हो म्हटलं. संस्थेकडे पोथ्यांची तीन कपाटंही आहेत, ती पुढे माझ्याकडेच येतील असंही ते म्हणाले होते.

डब्याचं झाकण कथलाचा डाग देऊन, म्हणजे झाळून, बंद केलेलं होतं. असा डाग तापवून काढत नाहीत, आत कागद असतो. मी आधी कोपऱ्यात सुईएवढं भोक पाडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं, आतली हवा बाहेरच्या हवेला सरावावी म्हणून. मग सांध्याच्या खाली बारीक करवतीने कापत गेले. सातवीच्या वर्गशिक्षिका सीमा मॅडम मधल्या सुट्टीत येऊन शेजारी उभ्या राहायच्या. पन्नाशीच्या, करी रोडच्या चाळीत वाढलेल्या, आवाज वर्गाला पुरेल एवढा आणि त्याहून जरा जास्त.

"माझे पणजोबा इथल्याच गिरणीत होते," त्या म्हणाल्या. "ह्या शाळेत मात्र आमच्या घरातलं कुणी शिकलं नाही. शिकवायला थेट मीच."

झाकण उचललं तेव्हा वेखंडाचा वास आला. लाल फितीत बांधलेली पत्रं कोरडी खडखडीत होती. मी मोजली. एकेचाळीस. खाली वेखंडाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीच्या खाली, डब्याच्या तळाला चिकटून, आणखी एक कागद. फितीत न बांधलेला. चौघडी घातलेला.

तो ओला होता.

अशा गोष्टींना कारण असतं. तांब्याला थंडी लागली की आत दव धरतं आणि ते तळाशी उतरतं. मी वहीत तसं लिहिलं. मग कागद दोन टीपकागदांमध्ये ठेवला, वर काच, काचेवर वजन. दुसऱ्या दिवशी तो कोरडा झाला. मी तो उलगडला.

शाळकरी शाई होती, पुडी पाण्यात कालवून करायचे ती, जांभळट निळी. पाणी लागलं की ती फुटते. जिथे जिथे थेंब पडला होता तिथे अक्षर विरघळून कडेला निळी रेघ धरली होती. पण मजकूर बराचसा वाचता येत होता.

'शंभर वर्षांनंतरच्या मुलांस,' पत्र सुरू होत होतं. 'तुह्मी मजपेक्षां लहान का मोठे हें समजत नाहीं, म्हणून मायना काय लिहावा तें कळलें नाहीं. सबब नमस्कार व आशीर्वाद दोन्ही लिहितों. लागेल तें घ्यावें.'

सीमा मॅडम हसल्या. "गुणी आहे हो."

मी मोठ्याने वाचत गेले. मुलाचं नाव बुधाजी. वय बहुतेक बारा. राहणार परळ, चाळीत, एका खोलीत नऊ माणसं. पहाटे पाचला भोंगा होतो, तेव्हा बाप उठत नाही, तो आधीच उठलेला असतो. आई जात्यावर बसते. बत्तीवाला लांब काठी घेऊन येतो आणि आळीतला ग्यासचा दिवा विझवतो. विझेपर्यंत बुधाजी त्या दिव्याखाली पाढे म्हणतो. 'विझल्यावर तोंडपाठ म्हणतों.' गेल्या साली विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत सुरू झाली, ती त्याने शिवडीच्या पुलावरून पाहिली. 'धूर नाहीं. मग ती कशानें दमत असेल हें कळेना.'

बाप गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला, होता. 'साचा खात्यांत, म्हणजे विणकामांत, मजुरी चांगली, परंतु तेथें आह्मांस घेत नाहींत. धोट्यांतली कांडी संपली कीं नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकांतून तोंडानें ओढून घ्यावा लागतो. एकाच धोट्याला सर्वांचें तोंड लागतें. आमचें लागलें तर चालत नाहीं.'

माझा आवाज तिथे थोडा खाली आला. सीमा मॅडमचा चेहरा तसाच होता.

"वाचा ना," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय, पाठ आहे."

'शाळेंत मी पडवीत बसतों, उंबऱ्याच्या बाहेर. तेथून फळ्याचा उजवा भाग दिसतो. त्यामुळें गणिताचें उत्तर मला आधीं कळतें आणि गणित मागाहून. मास्तर चांगले आहेत, मारतांना छडी फेंकून मारतात.' त्याखाली आई दळताना म्हणते ती ओवी त्याने लिहिली होती:

'दिवा आळीचा विझला, भोंगा वाजला गिरणीचा
बाळ बसलें पायरीशीं, घास घेतसे अक्षराचा'

आणि मग, कागदाच्या मधोमध, जरा मोठ्या अक्षरात: 'तुह्मांस शाळेंत तहान लागली तर कोणास विचारावें लागतें?'

तोच प्रश्न पानाच्या तळाशी पुन्हा होता. त्याच्यावरच्या ओळीत त्याने कारण दिलं होतं. 'महत्त्वाचें तें दोनदां लिहिलें आहे. मास्तर आमच्या वहीवर आधीं पाणी शिंपडतात, मग हातीं धरतात. थेंब पडतो तेथें अक्षर फुटतें. एकाच गोष्टीवर दोन्हींकडे थेंब पडणार नाहीं असा अदमास आहे.'

मी कागदाकडे पुन्हा पाहिलं. थेंब कसा पडला ते डागावरून कळतं. दव धरलं की डाग पसरट येतो, कडेकडेने. सरळ वरून पडला तर गोल येतो. बोटांनी उडवलेला थेंब लांबुडका पडतो आणि शेपटी दाखवतो. या कागदावर नऊ डाग होते. नऊच्या नऊ लांबुडके, शेपट्या एकाच दिशेला.

वहीतलं दवाचं वाक्य मी खोडलं.

रात्री जेवताना अप्पांना विचारलं. त्यांचे आजोबा दादरकडच्या एका शाळेत मास्तर होते.

"हो, शिंपडायचे," अप्पा आमटीत भात कालवत म्हणाले. "पोरं वह्या पायरीवर ठेवून मागे सरायची. मग आजोबा तांब्यात बोटं बुडवून नुसती झटकायचे. भिजवत नसत गं, नावापुरतं. स्वभावाने फार प्रेमळ होते."

"प्रेमळ?"

"तेव्हा तसंच होतं, अनुजा. आता कोण करतं?"

ताटं उचलायला मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे सव्वीस वर्षं काम करणाऱ्या कौसल्याबाईंचा कप खिडकीत होता, नेहमीच्या जागी, इतर कपांपासून हातभर लांब. त्या कपाचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी वर्गाचं कुलूप काढलं. किल्ली एकच होती आणि ती माझ्याजवळ होती. कागद काचेखाली ठेवला होता, तसाच होता. आर्द्रता मोजणारं यंत्र रात्रभर चोपन्न टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. छताला ओल नव्हती. मी काच काढली आणि चिमटा घेण्यासाठी वळले. चिमटा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता. दोन पावलं.

वळून पाहिलं तर कागदावर तीन थेंब होते. ताजे, फुगीर, खिडकीचा उजेड पोटात घेतलेले.

मी टीपकागद लावला. 'विजेची गाडी' गेली. 'कशानें दमत असेल' राहिलं.

मी सगळं तपासलं. खिडकी बंद, पंखा बंद, वरच्या मजल्याचा नळ तोडलेला. माझी पाण्याची बाटली पिशवीत, झाकण घट्ट. दुपारी पुन्हा हात पुढे केला. दोन थेंब. ते पडताना दिसले नाहीत. हात कागदापासून वीतभर लांब होता, मनगटावरून काहीतरी गार गेलं आणि थेंब तिथे होते. शेपट्या एकाच दिशेला. थेंब माझ्या उजव्या खांद्याच्या मागून आले होते.

तिथे भिंत होती. भिंतीवर सातवीतल्या कुणीतरी काढलेला मोर होता.

सीमा मॅडम जेवणाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "जरा तो कागद सरकवता का? हात कोरडे आहेत ना?"

त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, उजेडात धरला, सावकाश वाचला. पाच मिनिटं. कागद कोरडा राहिला. त्यांनी तो खाली ठेवला, आणि मी हात पुढे केला.

चार थेंब.

त्यांनी पाहिलं. पाण्याकडे आधी पाहिलं, मग माझ्याकडे. खाली मैदानात कुणीतरी कुणालातरी आउट दिल्यावरून भांडत होतं.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

"अक्षरं जातील."

"मग नका करू." त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या आणि टेबलाच्या मध्ये. "तुम्ही तिकडे बसा. मी उतरवून घेते. नीट अख्खं राहिलंय तेवढं तरी."

मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ बसले. तिथून मला टेबलाचा अर्धाच भाग दिसत होता. दोन दुपारी त्यांनी पत्र उतरवलं, आणि जिथे शाई फुटली होती तिथे मी दुरून सांगत गेले: अतिनील दिवा तिरका धरा, शाई धुतली गेली तरी कागदात तिची सावली राहते. दिव्याखाली त्यांना बरेच गेलेले शब्द सापडले. सापडला की त्या तो शब्द मोठ्याने म्हणायच्या, हरवलेलं पोर गर्दीत सापडल्यासारखा.

"याचं नाव त्या एकेचाळिसांत नाही," त्या एकदा मध्येच म्हणाल्या. "मग डब्यात कोणी घातलं?"

"मास्तरांनीच घातलं असेल."

"हो. शिंपडून." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्यालाच प्रेमळ म्हणत असतील."

अप्पांचं बोलणं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

हे पत्र मुलांना वाचून दाखवायचं होतं. सीमा मॅडमना दुसरं काही नको होतं. "पत्र कुणाला लिहिलंय? पोरांना. हातात नको देऊया, पण आवाज तरी पोचू दे. शनिवारी ते एकेचाळीस वाचतील, त्यात हे एक." त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: हर्षवर्धन सरांची परवानगी, आणि उतरवलेली प्रत मूळ पत्राबरहुकूम आहे अशी माझी सही.

गुरुवारी अकरा वाजता सर आले. पांढरा शर्ट, मनगटावर देवळातला धागा, बोलणं अगदी मऊ. त्यांनी प्रत उभ्यानेच वाचली.

"सुंदर लिहिलंय पोराने," ते म्हणाले. "खरंच. पण मॅडम, शनिवारी पालक येणार, देणगीदार येणार. शंभर वर्षांचा आनंद आहे. त्यात हे... आणि आता असं काही राहिलेलं नाहीये ना? मुलांच्या डोक्यात कशाला भरायचं?"

"राहिलेलं नाही, तर वाचायला काय हरकत आहे सर?" सीमा मॅडम म्हणाल्या.

"यादीत त्याचं नाव नाही. म्हणजे ऑफिशियली ते त्या डब्यातलं नाहीच." मग ते माझ्याकडे वळले. "ओरिजिनल कुठाय? बघू तरी."

"सर, हात लावू नका," मी म्हटलं.

"का? नाजूक आहे?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "नाजूक आहे."

"एक मिनिट फक्त." त्यांनी काच सरकवली.

सीमा मॅडम उठल्या. उशीर झाला होता.

या वेळी थेंब मोजता आले नाहीत. आवाज मात्र आला, कोरड्या पानावर पावसाची सर यावी तसा, एवढासाच.

सरांचा हात कागदापर्यंत पोचला तेव्हा कागद ओलाकिच्च होता. निळी शाई ओळीवरून ओळीवर उतरत होती. मधला प्रश्न गेला.

मग तळाचा गेला.

सर हात रुमालाला पुसत होते. त्यांच्या बाहीवर एकही थेंब नव्हता.

"हे काय, गळतंय का वरून?" त्यांनी छताकडे पाहिलं. "का तुमच्या प्रोसेसमधलं पाणी?"

सीमा मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, पेपर गोळा करताना एखाद्या मुलाकडे बघावं तशा, अजून एक मिनिट आहे, लिही, अशा.

"प्रोसेसमधलं," मी म्हटलं.

"मग तसं लिहून द्या. आणि प्रतीचं राहू दे. ओरिजिनलच नाही म्हटल्यावर बरहुकूम कशाशी म्हणणार तुम्ही?" ते मवाळपणे हसले. "पोथ्यांचं पुढच्या महिन्यात बोलू."

मी लिहून दिलं. 'हाताळणीतील आर्द्रतेमुळे यादीत नसलेले एक पत्र निकामी.' खाली सही केली. प्रतीवर केली नाही.

सीमा मॅडमनी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. "चला, माझा तास आहे," म्हणाल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच गेला.

तासाला त्यांनी ते पत्र वाचलंच. परवानगी नव्हती, सही नव्हती, तरी वाचलं. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. अडतीस मुलं होती. मायन्याला ती हसली, छडी फेकण्याला हसली नाहीत.

"टीचर, तो दिवसभर पाणी प्यायचाच नाही?" मेघना नावाच्या मुलीने विचारलं.

"घरून पिऊन यायचा."

"मग शू?"

वर्गात हशा फुटला. सीमा मॅडमही हसल्या. "ते त्याने लिहिलं नाहीये. तू विचार पत्रात."

"त्याला कसं मिळेल पण?"

"मागे पाठवता येत नाही. पुढच्यांना विचार. तुम्ही पण शंभर वर्षं पुढे लिहिताय. कसं जगता ते खरं खरं लिहा. पाणी कुठलं पिता, कुणाबरोबर बसता, कुणाबरोबर नाही. शुद्धलेखन मी बघणार नाही."

मुलांनी मान खाली घालून लिहिलं. कागद मी दिला होता, आम्ल नसलेला, सुताच्या चिंध्यांचा. पेनंही मीच दिली होती, काळ्या रंगद्रव्याच्या शाईची, जी पाण्याने हलत नाही. पत्रावर नाव नको, आडनाव नको, फक्त हजेरीचा क्रमांक, हेही मीच सुचवलं होतं. कारण विचारलं तर मी सांगितलं असतं की जागा वाचते.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी ती अडतीस पत्रं चित्रकलेच्या वर्गात लांब टेबलावर मांडून घेतली. पोलादी डबा तयार होता. चार वाजता झाकण बसवून ते वेल्डिंगने बंद करायला कारागीर येणार होता. पत्रं मी वाचली नाहीत. सीमा मॅडमनी स्वतःच्या हातांनी ती एकेक करून मांडली होती, मग त्या दप्तरांच्या गोंधळाकडे गेल्या.

लिफाफा घेतला. पहिलं पत्र उचलायला हात पुढे केला.

मनगटावरून गार गेलं.

मी हात तसाच धरून टेबलाकडे पाहिलं. पहिल्या पत्रावर काही नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. चौथ्यावर एक थेंब होता. सातव्यावर दोन. पत्रं एकमेकांना खेटून मांडलेली होती, कडेला कड. एकही थेंब कडेवर पडला नव्हता.

मी मोजलं. अकरा पत्रं.

सीमा मॅडम दारात आल्या तेव्हा मी तशीच उभी होते. त्यांनी टेबल पाहिलं. हजेरीचं रजिस्टर त्यांच्या काखेत होतं. त्यांनी ते उघडलं नाही. टेबलाच्या कडेकडेने चालत गेल्या आणि थेंब पडलेल्या एकेका कागदापाशी थांबून, वर्गात हळू घ्यावं तसं, एकेक नाव घेत गेल्या. अक्षर ओळखून. आडनावासकट.

अकरावं नाव घेतल्यावर त्या थांबल्या.

"आमच्यातलं एकही पोर सुटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी टीपकागद पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"राहू दे. पोरांना कळता कामा नये, एवढं बघा."

कळण्यासारखं काही नव्हतं. शाई फुटली नाही. काळी, घट्ट, एकही काना हलला नाही. खिडकीतून ऊन येत होतं, मसाला गल्लीचा वास येत होता, आणि थेंब आमच्या देखत लहान होत गेले. वीस मिनिटांत वाळले. मग मी दिवा तिरका धरला, भिंग धरलं, पत्रं पालथी करून पाहिली.

ते अकरा कागद उरलेल्या सत्तावीस कागदांसारखेच दिसत होते.